आप्पांचं व्हय

डोळे मिटा बरं जरा. जमिनीत कमरेइतका खड्डा आहे, त्यात पाय सोडून एक म्हातारा बसलाय. समोर काळ्या लोकरीचे धागे ताणलेत. चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास येतोय. खट्, खट् असा आवाज ऐकू आला का? मग तुम्ही पिंपळी गावात पोचलात, आप्पांच्या घोंगडीच्या मागाशी.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधीची. आप्पांच्या घोंगड्या तेव्हा पुण्याच्या एका बड्या दुकानात जात. त्या दुकानाच्या शहरभर शाखा होत्या. माल पोचला की पंधरा दिवसांत आप्पांचे पैसे येत. त्या पैशांतून ते मेंढपाळांकडून लोकर घेत आणि सूत कातणाऱ्या बायांची मजुरी देत. गावात आता सुताला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. माग थांबला तर त्या बायांचे चरखेही थांबणार होते.

त्या दिवशी दुकानाचे खरेदी अधिकारी देवधर नव्या वर्षाचा करार घेऊन जीपमधून आले. आप्पांची नात छकुली चौथीत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच टेकली.

"आप्पा, चारशेला विकलेल्या घोंगडीत आमचे शंभर असतात. आता एकशे साठ लागतील," देवधर म्हणाले. "जागेचं भाडं वाढलंय."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"पैसे पंधरा दिवसांऐवजी तीन महिन्यांनी."

"व्हय."

"आणि खपला नाही तो माल परत. नेण्याआणण्याचा खर्च तुमचा."

"व्हय, व्हय."

मुलांनो, आपल्याकडे मोठी माणसं बोलणाऱ्याचं बोलणं तोडत नाहीत. 'ऐकतोय, पुढं बोला' एवढाच त्या व्हयचा अर्थ. समोरच्याचं सगळं सांगून झालं की मग आपलं म्हणणं मांडायचं. आप्पांनी खाकरून घसा साफ केला. तेवढ्यात देवधरांनी पेनाचं टोपण काढलं.

"कमाल आहे तुमची! बाकीचे दिवसभर घासाघीस करतात. पैशांसाठी तीन महिन्यांवरून दीड महिन्यापर्यंत खाली यायची मोकळीक होती मला. तुम्ही तर एका दमात सगळं कबूल केलंत."

आप्पांचा चेहरा उतरला.

"आवं, आप्पा नुस्तं ऐकत हुतं!" छकुली ओरडली. "त्यांनी कुठं कबूल केलंय?"

"गप गं," आप्पा म्हणाले. "मोठ्यांत बोलू न्हाय."

देवधर थबकले. "आप्पा, तुमचं काही वेगळं म्हणणं होतं का?"

लोकर घेता घेता मेंढरांच्या बाजारात आप्पांचा उभा जन्म गेला होता. तिथं तोंडातून व्हय गेलं की सौदा पक्का; जो फिरला त्याच्याशी पुन्हा कुणी बोलत नसे. आप्पांनी कागदासाठी हात पुढं केला.

"तीनदा व्हय म्हणलो न्हवं? आता काय म्हणायचं? आना हिकडं."

आणि त्यांनी सही केली.

दिवाळी झाली. मेंढपाळ रावजी कातरलेली लोकर घेऊन दारात आला.

"रावजी, पैसं जरा थांबून दिलं तर?" आप्पांनी विचारलं.

"किती थांबून?"

"तीन म्हैनं."

रावजी हसला. "तुमचं पैसं येत्याल तवा मी मेंढरं घिऊन घाटाखाली आसंन. तितं काय मनीऑर्डर धाडताय का मेंढराच्या नावानं?" मग त्यानं लोकरीचं ओझं पुन्हा उचललं. "आप्पा, वाटखर्चाला रोख लागतंय वो. रागावू नका."

"न्हाय रं. तुझं बरोबर हाय."

रावजीनं लोकर व्यापाऱ्याला घातली. घरात होती तेवढ्या लोकरीच्या घोंगड्या पुण्याला गेल्या, त्यांच्या पैशांना अजून अवकाश होता. माग थांबला. खट् खट् आवाजाची सवय असलेल्या त्या घरात माणसं आता उगाच हळू बोलू लागली.

सारजाआजी तेवढी रोज येई. सत्तरीची, एकटी, कातण्यावरच जगणारी. रिकामी पाटी घेऊन ती उंबऱ्याशी उभी राही.

"आप्पाराव, लोकर यायचीय न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणत. आजी परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. ती गेली की आप्पा भिंतीकडं तोंड करून बसत.

एका सकाळी आजी बाहेर बराच वेळ उभी राहिली. ऊन चढलं तरी हलेना.

"बसू का वाईच? आज येत आसंल तर हितंच थांबते. बाजरीचं पीठ सपलंय, मजुरी मिळाली तर जाताना घिऊन जाईन."

आप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

छकुली उठली. उंबरा ओलांडून आजीसमोर उभी राहिली.

"न्हाय आज्जी," ती म्हणाली. "लोकर यायची न्हाय. माग बंद झालाय."

आत आप्पांनी उपरण्यात तोंड झाकलं. छकुलीनं आजीच्या हातातली पाटी घेतली, घरात जाऊन डब्यातलं बाजरीचं पीठ तीत ओतलं, आणि दुसऱ्या हातानं आजीचा हात धरून ती तिला घरी सोडायला निघाली.