आतली दोन पानं

अक्षर कितीही किरटं असो, भिंगबाईंना त्याचं कधी भय वाटलं नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्या होत्या, आणि त्यापुढे कुणाचंही हस्ताक्षर म्हणजे किस झाड की पत्ती, असं त्या स्वतःच म्हणत. निवृत्त झाल्यावर हातात भिंग आलं आणि नावही तेच पडलं. तोंडावर हाक मारली तरी त्या रागावत नसत. राग यायचा तो फक्त कुणी अंदाजाने वाचलं तर.

ग्रंथालयाने गावाबाहेरच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा अर्थातच बाईंना बोलावणं गेलं. रुग्णालय कधीच बंद पडलेलं, कागद मात्र एका खोलीत छतापर्यंत. ग्रंथपाल तरुण आणि उत्साही होता. तो एकेका कागदाचे फोटो काढून पाठवी आणि बाई घरी बसून उतरवून काढत. त्यांचे नियम कडक होते. ओळीला ओळ ठेवायची. लिहिणाऱ्याची चूक दुरुस्त करायची नाही. लागलं नाही ते चौकटी कंसात टिंबं देऊन सोडायचं, संशय असेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि खोडलेलं असेल तेही उतरवायचं. मग शेवटी तीन ओळींचा सारांश. प्रदर्शनात पत्राशेजारी तेवढंच कार्ड लागणार होतं, कारण सगळं पत्र वाचायला हल्ली कुणाला सवड आहे?

त्या ढिगाऱ्यात एका बाईच्या केसपेपरला टाचणीने अडकवलेलं पत्र निघालं. नवऱ्याला लिहिलेलं, मधे घडी घातलेल्या एकाच मोठ्या कागदावर, चार पानं. पोस्टात टाकायला म्हणून दिलेलं ते तिथेच राहिलं होतं. केसपेपरवरच्या नावावरून ग्रंथपालाने माग काढला, तर त्या बाईचा मुलगा चार गल्ल्या पलीकडे निघाला. टेलरकाका. बाईंची निम्मी पोलकी त्यांनीच शिवलेली.

काकांना आईची एकच गोष्ट आठवत होती, आणि ती ते कुणालाही सांगत. एका रविवारी वडिलांनी त्यांना रुग्णालयात नेलं, आई दिसली, ते धावले, कुणीतरी मागे ओढलं. पुढे कधी नेलंच नाही. का नेलं नाही ते वडिलांनी सांगितलं नाही, विचारायची छाती झाली नाही. मग वडीलही गेले. सत्तरी उलटली तरी काकांचा प्रश्न तिथेच उभा होता: मला यायला नको कुणी म्हटलं?

प्रदर्शनात लावायच्या आधी घरच्यांची परवानगी घ्यायची असा दंडक होता. बाई कार्ड घेऊन स्वतः दुकानात गेल्या. भिंतीवरच्या आईच्या फोटोखाली बसून काकांनी चष्मा पुसला आणि वाचलं. ‘रुग्ण स्त्री नवऱ्याला आपल्या तब्येतीची खबर देते. लहान मुलाला भेटायला आणावं असं आधी तिला वाटतं. शेवटी मात्र ती निक्षून सांगते की यापुढे त्याला आणू नये, तो लहान आहे, विसरून जाईल.’

काकांनी अख्खं पत्र वाचायला घेतलंच नाही. सही केली आणि म्हणाले, खरं आहे ते लावा. दुसऱ्या दिवशी बाई बाही घट्ट करून घ्यायला गेल्या तेव्हा भिंतीवरचा आईचा फोटो उतरवलेला होता. फोटोच्या जागी चौकोनी डाग होता. पत्रात आहे ते आहे, आपण काय करणार, अशी बाईंनी मनाची समजूत घातली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पत्र काचेखाली ठेवायचं होतं. कुठली बाजू वर ठेवायची हे ठरवायला ग्रंथपालाने बाईंच्या हातात मूळ कागद दिला. तोवर त्यांनी तो पाहिलाच नव्हता. गुडघे दुखतात म्हणून फोटोंवरच भागवलं होतं, आणि अक्षर उठून दिसावं म्हणून ग्रंथपालाने फोटो काळेपांढरे काढले होते.

कागद हातात आला आणि बाईंनी तो खिडकीशी उजेडात नेला.

पहिलं पान काळ्या शाईत होतं. घडीच्या मागचं पानही काळ्याच. आतली दोन पानं निळी. फोटोत सगळं सारखंच करडं दिसलं होतं. बाईंनी पुस्तकासारखं वाचलं होतं: पहिलं पान, मग आतली दोन, मग मागचं. कोण बरं मधेच दौत बदलून पुन्हा जुनीवर जाईल? तिने तसं लिहिलंच नव्हतं. खाटेवर पडून, कडकपणा यावा म्हणून कागदाची घडी तशीच ठेवून, तिने आधी बाहेरच्या दोन्ही बाजू लिहून काढल्या होत्या. नंतर केव्हातरी, दुसऱ्या शाईने, घडी उघडून आतल्या. जागा उरली नाही म्हणून सही पहिल्या पानाच्या समासात उभी, त्यामुळे शेवट कुठे ते सहीवरूनही कळत नव्हतं.

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं आणि पत्र पुन्हा वाचलं, तिने लिहिलं त्या क्रमाने. ग्रंथपालाने काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांना धड सांगताही येईना. वर्गात मुलांना अंदाजाने वाचलं म्हणून आपण छड्या मारल्या, एवढंच त्या पुटपुटल्या. मग कागद पुठ्ठ्यात घातला आणि तशाच दुकानाकडे निघाल्या. वाटेत त्यांना बरंही वाटत होतं. चूक आपली, शिव्या खाऊ, पण त्या माणसाची आई त्याला परत मिळेल.

काका मशीनवर होते. बाईंनी झाली चूक सरळ सांगितली, आडपडदा न ठेवता, आणि वाचून दाखवू का विचारलं. काकांनी मशीनचं पायडल थांबवलं.

“मागच्या रविवारी बाळ धावत आला तेव्हा त्याला ओढून नेलं. फार रडला. माझ्याच्याने बघवेना,” बाईंनी वाचलं. हे पहिलं पान. मग कागद उलटला. “यापुढे त्याला आणू नका. लहान आहे, विसरून जाईल.”

“हे वाचलंय मी,” काका म्हणाले.

“थांबा. शेवट पुढे आहे.” त्यांनी घडी उघडली. “मला राहवत नाही. त्याला आणा. मला आता खिडकीजवळची खाट मिळाली आहे, तिथून फाटक दिसतं. आत येऊ देऊ नका, नुसता फाटकापाशी उभा करा. दर रविवारी मी बघत बसेन.”

काकांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर हसूही होतं, आणि बाईंना वाटलं, सुटले. काकांनी कागदाला नुसता हात लावला. तिने बोलावलं होतं, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हे पत्र लिहिल्यावर ती किती दिवस होती?

केसपेपर बाईंनीच उतरवला होता. खोटं सांगावं असं त्यांना फार वाटलं.

“पुढचा पावसाळा संपेपर्यंत,” त्या म्हणाल्या.

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

“पत्र टाकलंच नाही, हे तिला कुणी सांगितलं असेल का हो?”

बाईंनी ठाऊक नाही अशी मान हलवली. केसपेपरवर तसं काहीच नव्हतं.

“मग तिला वाटलं असेल, पत्र पोचलं,” काका म्हणाले. “पोचलं, आणि तरी आम्ही आलो नाही.”

बाईंनी पत्राची घडी मिटली. त्या समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं, त्याला काकांनी उद्या यायला सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले की कार्ड बदला, तिचं शेवटचं म्हणणं शेवटी येऊ द्या. मग त्यांनी मशीनवर डोकं टेकलं आणि सत्तरी उलटलेला तो माणूस आईच्या नावाने लहान मुलासारखा रडू लागला.