सात तारखेचा वायदा

नातीच्या कानाचा पडदा माझ्या मुलाने फाडला. एका चापटीत. जयवंतचा हात माझाच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी मी त्याला असाच हाणायची, उघड्या पंजाने, कानाखाली. चाळीतल्या बायका म्हणायच्या, कमलचा हात बसला की पोर गोल फिरतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

सात जानेवारीची संध्याकाळ होती. मेघना इंग्लंडच्या कॉलेजात पुढचं शिकायला जाणार, पाण्याच्या कामाचं इंजिनिअरिंग, आणि फॉर्मही भरून झालाय, हे जयवंतला बाहेरून कळलं. याने त्याच्या टेम्पोवाल्या मित्राच्या भाच्याला शब्द देऊन ठेवलेला. पोरीला विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही शब्द दिलात तर तुम्ही लग्न करा." पुढे काही बोलायच्या आत ती भांड्यांच्या मांडणीवर आदळली. डाव्या कानातून रक्त. याने तिच्या बॅगेतून पासपोर्ट काढला, कमरेच्या पाऊचमध्ये घातला आणि जेवायला बसला. माझी सून राधा त्याला वाढत होती. अर्धी आमटी ताटाबाहेर सांडत होती. मी तिला म्हटलं, "वाढू नकोस." तिने तरीही वाढलं. वीस वर्षं मार खाल्लेली बाई आधी वाढते, मग रडते.

दहा तारखेला मेघनाची इंग्रजीची परीक्षा होती, आयल्ट्स म्हणतात ती. तिच्यात कानाला हेडफोन लावून ऐकावं लागतं आणि ऐकलेलं लिहावं लागतं. कानाच्या डॉक्टरने सांगितलं, पडदा फाटलाय, महिनाभर पाणी नको, हेडफोन नको. एका कानाने ऐकलं असतं तिने, पण उभी राहिली की घेरी. परीक्षा बुडाली. डॉक्टरचा दाखला पाठवल्यावर परीक्षावाल्यांनी दुसरी तारीख घ्यायची मुभा दिली. तिने सात फेब्रुवारी घेतली. पण कॉलेजची मुदत होती बावीस जानेवारी, त्यांच्या दुपारी बारापर्यंत. म्हणजे आपले साडेपाच.

बावीसला दुपारी मी जमिनीवर बसून लसूण सोलत होते. मेघना लॅपटॉप घेऊन खाटेवर.

"काय लिहिलंस ते वाच," मी म्हटलं. "मराठीत."

"आजी, तो ॲडमिशन ऑफिसचा मेल आहे. तुला काय कळणार?"

"चौथी पास आहे मी. चाळीस वर्षं मसाला विकलाय. पत्र कसं लिहितात ते कळतं. वाच."

तिने उजवा कान माझ्याकडे केला. आता ती अशीच बसते. वाचायला लागली. "वरती विषयात माझं नाव, अर्जाचा नंबर, कोर्सचं नाव. मग लिहिलंय की माझा अर्ज पूर्ण भरलेला आहे, फक्त इंग्रजीचा निकाल यायचाय. वैद्यकीय कारणामुळे ठरलेल्या दिवशी परीक्षा देता आली नाही. डॉक्टरचा दाखला जोडलाय. निकाल लवकरच पाठवीन. तोपर्यंत अर्जाचा विचार व्हावा."

"बापाने मारलं, ते कुठाय?"

"ते नाही लिहायचं."

"का? त्याची अब्रू जाईल म्हणून?"

"त्यांच्याकडे हजारो मेल येतात. त्यांना रडगाणं नको, तारीख हवी."

"मग तारीख कुठाय? तू तर लवकरच लिहिलंस."

तिने पुन्हा लॅपटॉपकडे बघितलं.

मसाल्याचं माझं एकच धोरण. मे महिन्यात गिऱ्हाइकं रांग लावतात, प्रत्येकीला मसाला मिळायचा वार हवा असतो. पण मिरची घरात येऊन, गच्चीवर कडकडीत वाळल्याशिवाय मी कुणाला वार सांगत नाही. सांगितला की त्या वारी डबा भरलेला. लवकरच म्हणणारी दुकानं लालबागेत पुष्कळ बुडाली.

"परीक्षा सातला आहे ना? मग सात लिही."

"बुकिंगचा कागद आहे माझ्याकडे. निकाल पाच दिवसांत येतो. सगळं लिहिता येईल," ती म्हणाली. "पण त्या दिवशी खरा पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. झेरॉक्स चालत नाही. तो पप्पांकडे आहे. तारीख लिहिली आणि मला जाताच आलं नाही तर मी खोटी पडेन."

"दुसरा काढता येत नाही?"

"हरवल्याची पोलिसात नोंद करून काढता येतो. पण सातच्या आत हातात येईलच असं नाही. आणि नंबर बदलतो, परीक्षेचं बुकिंग जुन्या नंबरवर आहे."

मी लसणाची सालं सुपात भरली. तीन वाजले होते. जयवंत साडेतीनला जेवायला येतो.

"मेल आत्ता पाठवू नकोस," मी म्हटलं. "माल घरात आला की पाठव."

"आजी, साडेपाचला दार बंद होतं त्यांचं."

"कळलं मला. घड्याळ वाचता येतं."

राधा मोरीजवळ कपडे धूत होती. तिने मान वर केली, बघितलं, पुन्हा खाली घातली.

जयवंत आला. पँटच्या पट्ट्याला पाऊच तसाच. हात धुतले, पाटावर बसला. मी त्याच्या समोर उभी राहिले.

"पासपोर्ट खंय आसा?"

"जेवू दे आये."

"दी हकडे. मग जेव."

तो हसला. बाप गेला तेव्हापासून हा माझ्यावर असाच हसतो, घर त्याने बांधल्यासारखा. त्याने पाऊच उघडला, निळं पुस्तक काढलं, मेघनाला दाखवलं. "हा हवाय तुला? ये, घे."

मेघना उठली. तिचा तोल जरा गेला, भिंतीला हात लावला.

"बघ," तो म्हणाला. "सरळ उभी राहता येत नाही आणि चालली विलायतेला."

"तुमच्यामुळे येत नाही," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. दोन पावलांत गॅसपाशी गेला आणि भात उतरवलेली शेगडी पुन्हा पेटवली. पासपोर्ट त्याच्या उजव्या हातात, ज्योतीपासून वीतभर. "अजून एक शब्द बोल. एक शब्द. कोपरा जरी जळला ना, रद्दी होते त्याची."

खरं होतं ते. मेघनाच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

मी विनवण्या करणारी बाई नाही. मांडणीच्या खालच्या फळीवर खलबत्ता असतो. बत्ता लोखंडी, माझ्या सासूचा, अडीच किलोचा. तो उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. आवाज ओल्या फांदीसारखा आला. पासपोर्ट ओट्यावरून घसरून खाली, मोरीच्या कडेला.

त्याने किंकाळी फोडली आणि डाव्या हाताने मला मारलं. तोंडावर. मी मांडणीवर पडले, ताटं माझ्यावर. तोंडात काहीतरी सैल झालं, थुंकले तर दात. तो माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला. माझा मुलगा. डोळे असे की त्याला मी दिसतच नव्हते. गळ्यावर हात आला. मी बत्ता सोडला नव्हता, पण हात वर येत नव्हता. मेघना त्याची कॉलर ओढत होती. त्याने मागे कोपर मारलं आणि ती कोलमडली.

मग राधाने त्याला मारलं. कपडे धुवायच्या धोपटण्याने, पाठीत. एकदा नाही. मी मोजले नाहीत, पण वीस वर्षांतला एकही विसरली नव्हती ती. तोंडाने अक्षर नाही, फक्त श्वास. तो माझ्यावरून बाजूला पडला, तुटलेला हात पोटाशी धरून, आणि ती तरी थांबेना. मला ओरडावं लागलं, "राधा, पुरे गो. मरेल तो."

ती थांबली. धोपटणं बादलीत ठेवलं. मग तिने मोरीच्या कडेचं निळं पुस्तक उचललं. त्यावर पाणी उडालं होतं, रक्त होतं, कुणाचं ते देव जाणे. तिने पदराने टिपलं. पुसलं नाही, टिपलं. मेघनाच्या हातात दिलं.

"बघ, चालतो का?"

मेघनाच्या नाकातून रक्त येत होतं. तिने कपड्यांना हात पुसले आणि पानं उघडली. फोटोचं पान कोरडं. नंबर दिसत होता, खालच्या ओळी दिसत होत्या. वरच्या पुठ्ठ्यावर डाग. "चालेल," ती म्हणाली, आणि हमसाहमशी रडायला लागली.

"नंतर रड," मी म्हटलं. "किती वाजले?"

चार वाजून दहा.

दारात शेजारपाजार जमला होता. हेरंब, पलीकडच्या खोलीतला, जयवंतला रिक्षात घालून इस्पितळात न्यायला तयार झाला. जयवंत जाताना माझ्याकडे बघत होता. मी बघितलं नाही. माझ्या तोंडात पदराचा बोळा होता.

मेघना खाटेवर बसली. नाकाला फडकं लावून एका हाताने टाइप करायला लागली. मी म्हटलं, "मोठ्याने वाच."

"माझी परीक्षा सात फेब्रुवारीला आहे. बुकिंगचा कागद जोडला आहे. निकाल बारा तारखेपर्यंत अपेक्षित आहे आणि आला त्याच दिवशी मी तो पाठवीन. तोपर्यंत माझा बाकीचा अर्ज विचारात घ्यावा अशी विनंती. निकाल उशिरा स्वीकारता येत नसेल तर कृपया तसं कळवावं."

"शेवटचं कशाला? त्यांना नाही म्हणायला शिकवतेस?"

"विचारलं तर उत्तर येतं, आजी."

"बरं. आणि कारण?"

"वैद्यकीय." ती थांबली. "मारलं ते लिहू?"

मी विचार केला. तोंड दुखत होतं. "दाखल्यावर काय लिहिलंय डॉक्टरने?"

"मार लागून डाव्या कानाचा पडदा फाटला."

"मग त्यांना वाचता येतं. तू तारीख लिहिलीस तेवढं पुरे."

चार सत्तेचाळीसला मेल गेला. लगेच त्यांच्या यंत्राचं उत्तर आलं, मिळालं म्हणून. राधा म्हणाली, "झालं?" मेघना म्हणाली, "हे आपोआप येतं. माणसाचं अजून यायचंय." राधा ताटं उचलायला लागली. चेपलेली तीन तिने वेगळी ठेवली.

माणसाचं उत्तर सोमवारी आलं. चार ओळी. मेघनाने दोनदा वाचून दाखवलं. अर्जावर नोंद केली आहे, अर्ज तपासणीला पुढे पाठवत आहोत, निकाल वीस फेब्रुवारीपर्यंत पोचायला हवा, त्यानंतर आलेला धरला जाणार नाही. बरी आहेस का, हे काही कुणी विचारलं नाही. मला राग आला, पण मेघना हसत होती, सुजलेल्या नाकाने.

त्याच दिवशी संध्याकाळी पोलीस ठाण्यातून हवालदार आला. जयवंतच्या मनगटात दोन ठिकाणी हाड मोडलं होतं, प्लास्टर घालून तो त्याच्या मित्राकडे राहिला होता. इस्पितळात विचारल्यावर त्याने सांगून टाकलं की आईने मारलं.

"आजी, हे खरं आहे का?" हवालदार खुर्चीच्या कडेवर बसला होता. पोरगेला होता, त्याला संकोच वाटत होता.

"खरं. लिहा."

"तुम्ही तुमची बाजू सांगा ना. त्याने आधी हात उचलला का?"

"त्याने सात तारखेला पोरीचा कान फोडला, तेही लिहा. डॉक्टरचा कागद देते. त्याने माझा दात पाडला, तोही आहे. राधाने काही केलं नाही. बत्ता माझा."

राधा मोरीपाशी उभी होती. ती काही बोलणार होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि ती पुन्हा मोरीकडे वळली.

हवालदाराने लिहिलं. मग म्हणाला, "ठाण्यात जबाबाला यावं लागेल. तुमच्यावर केस होऊ शकते. त्याच्यावरही होईल. साहेब तारीख कळवतील."

"कळवू देत. फक्त सात फेब्रुवारीला मी येणार नाही."

"त्या दिवशी काय आहे?"

"नातीची परीक्षा आहे. तिला दारापर्यंत मी नेणार. पुढचे सगळे दिवस तुमचे."

त्याने वहीच्या कडेला सात लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.