गुरुदास नसताना

शनिवारी सकाळी नऊ वाजता उर्वशी सावंत यांनी समीक्षा परबला ट्रेनिंगला घ्यायचं नाकारलं. मे २००६. तळेऱ्याजवळचा त्यांचा आमरसाचा कारखाना लहानच: एक बॉयलर, डब्यांना झाकण बसवणारं एक यंत्र आणि आंबे सोलणाऱ्या बायका.

समीक्षा फूड टेक्नॉलॉजी शिकत होती. तिचं ट्रेनिंग दुसऱ्या एका कंपनीत ठरलं होतं. तिथून काल फोन आला की यंदा जमणार नाही. सोमवारी कुठेतरी रुजू झाली नाही, तर वर्ष जाणार होतं. काका दाजी परब आपल्या बागेतला हापूस घेऊन कारखान्यात येत होते. त्याच टेम्पोतून ती आली.

“मॅडम, मी कोपऱ्यात उभी राहून बघेन.”

“बघून काय शिकशील? आमचा केमिस्ट गुरुदास कावीळ होऊन घरी आहे. डबा कापून झाकण नीट बसलंय का ते कसं मोजायचं, हे तो शिकवतो. बदली माणूस दुपारी येतो, नमुने तपासतो नि जातो. माझं लक्ष नसताना तुला वाफेजवळ उभी करणार नाही.”

दाजी पुतणीकडे बोट दाखवत दारातूनच बोलले. “गो उर्वशी, ता काय तुझो आमरस पिवक इला आसा? कागदावर सही कर. चेडू घराकडे बसात.”

“सही करूची नाय, दाजी.”

“माझे आंबे बरे चालतत तुका!”

“आंबे पारखूक येतत माका. शिकवूक गुरुदास व्हयो.”

“काका, खोटा सर्टिफिकेट माका नको,” समीक्षा म्हणाली. मग उर्वशीताईंकडे वळली. “मॅडम, नाही तर नाही. पण शिकवणारा केमिस्ट दुसऱ्या कुठल्या कारखान्यात आहे, ते सांगा.”

उर्वशीताईंनी फोन उचलला. देवगड रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात दोन केमिस्ट होते. तिथल्या सुपरवायझरने सांगितलं, पाठवा; पण घ्यायचं की नाही ते मॅनेजर ठरवणार, आणि ते कणकवलीला गेलेत. उर्वशीताईंनी पत्ता लिहून समीक्षाला दिला. तो कारखाना आंब्याला किलोमागे जास्त भाव देत होता, हे त्यांना ठाऊक होतं.

दाजींनाही ठाऊक होतं.

“चेडू जाता थंय आंबे जातले,” ते म्हणाले.

“जावंदेत,” उर्वशीताई म्हणाल्या.

एकही क्रेट न उतरवता टेम्पो वळला. समीक्षा पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली होती. सोलायला बसलेल्या सावित्रीने सुरी खाली ठेवली.

“ताई, आता आमी काय सोलूचा?”

“कालचे उरलेत ते. नंतर बघू.” उर्वशीताई दुसऱ्या बागायतदाराला फोन लावू लागल्या.

दुपारी सुपरवायझरचा फोन आला. दाजींचे आंबे उतरवून घेतले होते, टेम्पो परत गेला होता. मुलगी गेटजवळच्या बाकावर बसून होती. मॅनेजर अजून आले नव्हते.