आजाराचं नाव

सुदर्शनचं डोकं म्हणजे उकळतं आधण. पडेगावच्या शाळेत असताना त्यानं एकाचं नाक फोडलं होतं, अन् वाळूजच्या कारखान्यात प्रेसवर लागल्यापासून तीन वर्षांत दोनदा लोकांच्या कॉलरी धरल्या होत्या. दुसऱ्या वेळी एचआरच्या संध्या मॅडमनं त्याला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं, "आणखी एकदा हात उचललास तर थेट घरी. पुढच्या महिन्यात पर्मनंटचं पत्र आहे तुझं. सांभाळ." तेव्हापासून गडी दातओठ खाऊन का होईना, पण गप होता.

त्यात हे दुखणं निघालं. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासलं अन् म्हणाला, ऑपरेशन करू, पाच दिवस कामावर जायचं नाही. सर्टिफिकेट लिहून दिलं. बायकोनं, सोनियानं, आपल्या सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: एचआर अधिकाऱ्यांस, टोकन नंबर चारशे अठरा, प्रेस विभाग, आजारी असल्यामुळे सोमवार ते शुक्रवार कामावर येऊ शकत नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट बंद पाकिटात जोडलं आहे, रजा मंजूर व्हावी. खाली सही अन् मोबाईल नंबर. झालं! याहून जास्त लिहायला काय लग्नपत्रिका होती का?

पण अर्ज वर जायचा तर आधी सुपरवायझरची सही लागायची, अन् सुपरवायझर होता धोंडिबा. बत्तीस वर्षं कारखान्यात घासलेला माणूस. छोटा अर्ज म्हणजे खोटा अर्ज, असं त्याचं ठाम मत.

"आजारी म्हंजी? काय झालं? कुठं झालं?" त्यानं अर्ज नाकासमोर धरून विचारलं.

"पाकिटात हाय समदं. एचआरसाठी."

"अन् मी काय मेलो? ऐन ऑर्डरच्या हंगामात पाच दिवस मागतो, अन् नुसतं आजारी! नीट लिही, नाय तर सही नाय."

सुदर्शनची मूठ वळली. पण पुढच्या महिन्यातलं पत्र डोळ्यांपुढं आलं, अन् त्यानं पेन घेऊन 'आजारी' या शब्दापुढं लिहिलं: भगंदराचं ऑपरेशन. धोंडिबानं सही ठोकली. मग त्याच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणं अर्जाचा फोटो काढला अन् शिफ्टच्या ग्रुपवर टाकला, 'याच्या मशीनवर ओव्हरटाइमला कोण येतो?' म्हणून. प्रत्येक अर्जाचं तो असंच करायचा. ताप असो, लग्न असो, मयत असो. ग्रुपवर बासष्ट माणसं होती.

सुदर्शन घरी पालथा पडलेला, अन् उशाजवळ फोन थरथरतोय. 'सुदर्शन नाय रे, भगंदर्शन!' 'मागच्या दारानं रजा मंजूर.' कुणी खुर्चीचा फोटो टाकला, कुणी मिरचीचा. सोनियानं फोन हिसकून कपाटात ठेवला. पण वाचलेलं कुठं ठेवणार? पाच दिवस तो उशीत तोंड खुपसून एकेकाचे दात मोजत होता. सगळ्यांत जास्त धोंडिबाचे. लाज वाटत होती त्याला, अन् लाज वाटली की त्याला राग यायचा. तेवढी एकच वाट त्याला ठाऊक होती.

सहाव्या दिवशी फिटनेसचा कागद एचआरला देऊन तो प्रेसवर आला. स्टुलावर सायकलची फुगवलेली ट्यूब ठेवलेली. "बस, बस, मऊ हाय!" आख्खी लाइन खिदळली. सुदर्शननं ट्यूब उचलली, बाजूला टाकली, अन् सरळ प्रेसचे साचे ठेवतात त्या डायच्या स्टोअरमध्ये गेला. धोंडिबा तिथं रॅकमागं एकटाच यादी तपासत होता.

"फोटो कशाला टाकला, मामा?"

"मशीनवर माणूस लागतो म्हणून. त्यात काय चोरी हाय?" धोंडिबा हसला. "बुडाला झालं त्याला बुडच म्हणायचं ना बाबा!"

पहिला ठोसा ओठावर बसला. रक्ताची पिचकारी यादीवर उडाली. धोंडिबाही काही मऊ नव्हता; त्यानं पाना उचलून सुदर्शनच्या खांद्यावर हाणला. मग मात्र सुदर्शनचं भान गेलं. त्यानं म्हाताऱ्याचा गळा धरून त्याला रॅकवर आदळलं, एकदा, दोनदा, अन् गुडघा वर घातला. सगळ्या ताकदीनिशी, दोन पायांच्या मधोमध. धोंडिबाच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. तो घडी घातल्यासारखा खाली बसला, अन् त्याची पँट ओली झाली.

बाहेरची माणसं धावून आली तेव्हा त्यांनी फक्त फुटका ओठ पाहिला. बाकीचं त्या दोघांनाच ठाऊक.

सुदर्शनला निलंबित केलं. धोंडिबाचा अर्ज आला, सोनियाच्या अर्जापेक्षाही छोटा: आजारी असल्यामुळे आठ दिवस रजा मिळावी. बस्स. कसला आजार, कुठला, एक अक्षर नाही. सोबत एचआरसाठी डॉक्टरच्या सर्टिफिकेटचं पाकीट, तेही बंद.

चौकशी ठेवली संध्या मॅडमच्या केबिनमध्ये. टेबलाच्या एका बाजूला धोंडिबा, खुर्चीच्या कडेला तिरका बसलेला. दुसरीकडं सुदर्शन, अन् त्याच्या बाजूनं बोलायला युनियनचा फकिरा. मागं लाइनवरचे दोन साक्षीदार अन् टायपिंग करणारा क्लार्क. क्लार्कच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत.

"ढकलाढकलीत ओठ फुटला," फकिरा म्हणाला. "त्यासाठी पोराची नोकरी घेता काय?"

"ढकलाढकली नाय, मला मारलंय!" धोंडिबा ओरडला. "आठ दिवस पडून हाय मी. याला काढाच."

"फुटक्या ओठाला आठ दिवस? मार लागला तर कुठं लागला?" फकिरानं टेबलावर हात आपटला. "आरोप आमच्यावर हाय, मंग पुरावा आम्हाला दिसला पायजे. मॅडम, पाकीट फोडा. कागद वाचा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. नाय तर केस मागं घ्या."

संध्या मॅडम अडखळल्या. "नियमानं त्यांना दाखवावं लागेल, धोंडिबा. तुम्ही सांगा. फोडू, की तक्रार मागं घेता?"

फकिरानं टेबलाखालून सुदर्शनचा गुडघा दाबला. जिंकलो! म्हातारा मेला तरी तो कागद वाचू देणार नाही, हे फकिरानं त्याच्या तिरक्या बसण्याकडं बघूनच ताडलं होतं. तक्रार मागं, पत्र हातात.

सुदर्शननं धोंडिबाकडं पाहिलं. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाच, वाच की आता, बासष्ट जणांना कळू दे! पण म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम फुटला होता अन् तो मागच्या साक्षीदारांकडं चोरून बघत होता. कोण हसेल, पहिल्यांदा कोण हसेल. ती नजर सुदर्शनला पाठ होती. पाच दिवस उशीवर ती त्याचीच होती.

"तक्रार…" धोंडिबाचा आवाज फाटला. "घेतो मागं…"

"नका घेऊ," सुदर्शन म्हणाला. "मी मारलं, मॅडम. ठोसा मारला, गळा धरला. आणखीबी मारलं. आठ दिवस पडून राहण्याइतकं मारलं, हे मी लिहून देतो. पाकीट फोडू नका."

"अरे येड्या!" फकिरा किंचाळला.

"कुठं मारलंस?" मॅडमनं विचारलं.

"ते त्यांचं दुखणं हाय. त्यांच्या अर्जात लिहिलंय तेवढंच लिहा. आजारी."

क्लार्कचे हात थांबले होते. मॅडमनं त्याला कागद द्यायला सांगितला अन् सुदर्शननं त्यावर सही केली. बंद पाकीट मॅडमनं धोंडिबाच्या हातात परत दिलं. त्यानं ते खिशात घातलं, अन् मान वर केली नाही.

गेटपर्यंत फकिरा शिव्या घालत आला. "जिंकलेला डाव हरलास! काय मिळालं रे तुला?"

"काय नाय मिळालं, भाऊ," सुदर्शन म्हणाला. "सोनियाला आता काय सांगू, ते सांग."

बस आली. आत जागा रिकाम्या होत्या, पण बसच्या गचक्यांत अजून बसवत नव्हतं, म्हणून सुदर्शन दांडा धरून उभाच राहिला.