टार्नीटच्या पत्त्यावर

"तुम्ही अजून याच पत्त्यावर राहता ना?" काउंटरवरच्या मुलीने लायसन्स उलटंसुलटं करत विचारलं.

"हो," हैमवती म्हणाली.

खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे तिला त्या दिवशी कळलं. शेजारी उभ्या असलेल्या राज्यलक्ष्मी अक्काने तिच्या कोपराला असा चिमटा काढला की स्वेटरमधूनही लागला. काउंटरवरच्या मुलीचं लक्ष नव्हतं. सकाळपासून तिने चाळीस जणांचे अर्ज तपासले असतील. कुणाच्या फोटोत कानामागे सावली, कुणाची सही चौकटीच्या रेषेला चिकटलेली, कुणी लग्नाचा दाखलाच घरी विसरलेला. तिने लायसन्सच्या झेरॉक्सवर टिक केली, व्हिसाच्या कागदावर टिक केली, जुना पासपोर्ट उघडून शेवटचं पान पाहिलं.

"नवऱ्याचं नाव तेच ठेवायचं? काढायचं असेल तर मृत्यूचा दाखला लागतो, नाहीतर घटस्फोटाचा निकाल."

"तेच ठेवा."

"बरं. इथे सही करा. दिलेली माहिती खरी आहे, असं लिहिलंय."

हैमाने सही केली. चौकटीच्या आत, नीट.

हे पासपोर्टचं केंद्र म्हणजे काही भारतीय वकिलात नव्हे. वकिलातीने गोळा करायला ठेवलेली माणसं. कागद घ्यायचे, तपासायचे, वर पाठवायचे, तयार झालेला पासपोर्ट पोस्टाने घरी धाडायचा. हो किंवा नाही म्हणायचा अधिकार त्यांना नाही, पण कागद परत करायचा अधिकार आहे, आणि परदेशात राहणारा माणूस त्याच अधिकाराला घाबरतो.

मेलबर्नच्या फुटपाथवर आल्यावर अक्काचं तोंड सुटलं. दोघी एकाच वृद्धाश्रमात कामाला. अक्का वयाने पंधरा वर्षांनी मोठी आणि जिभेने त्याहून मोठी.

"अगं, टार्नीट सोडून सनशाइनला राहतेस तू! वर्ष व्हायला आलं! लायसन्सवरचा पत्ता बदलायला काय लागतं? ऑनलाइन दोन मिनिटं. मग ते पोस्टाने नव्या पत्त्याची चिकटपट्टी पाठवतात, ती मागे चिकटवायची. झालं. दंड होतो माहितेय ना, पत्ता कळवला नाही तर?"

"वेळ कुठे होता, अक्का?"

"वेळ! मला नको शिकवूस. ताकाला जाऊन भांडं लपवतेस."

अक्काला कारण माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, फणींद्र कामाला म्हणून निघाला आणि गेलाच. तिसऱ्या दिवशी गाडी सापडली, दोन तासांवरच्या एका समुद्रकिनाऱ्यावर. बूट आत, मोजे बुटांत घड्या करून ठेवलेले, किल्ली टायरवर. माणूस नाही. हेलिकॉप्टर फिरलं, बोटी फिरल्या. पोलिसांची बाई चांगली होती, पण तिच्याकडे एकच शब्द होता, बेपत्ता. काकिनाड्याहून सासू फोनवर म्हणाली, "देह बघितल्याशिवाय मंगळसूत्राला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." हैमाने लावला नाही. लावावासा वाटतही नव्हता.

एकटीच्या पगारात टार्नीटचं भाड्याचं घर परवडेना. सहा वर्षांच्या वैदेहीला आई राजमहेंद्रीला घेऊन गेली, आणि हैमा सनशाइनला एका घराच्या परसातल्या खोलीत आली. मालक भला माणूस, पण करारबिरार काही नाही. पत्ता मात्र तिने कुठेच बदलला नाही. बँकेत नाही, लायसन्सवर नाही. टपाल वळवून घ्यायची सोय केली होती, तीही मुदत संपल्यावर वाढवली नाही. तिचं गणित साधं होतं. तो परत आला तर टार्नीटला येणार. कुणीही विचारलं, कुठल्याही कार्यालयात, तरी कागदावर ती तिथेच सापडली पाहिजे. आपणच पत्ता बदलला तर तो मेला असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल.

वेड होतं ते. पण माणसाला टेकायला काहीतरी लागतं, वेड का असेना, आणि तिच्याकडे दुसरं नव्हतं.

रात्रपाळी करून येताना स्टेशनवर पाठमोरा कुणी दिसला, किंचित उजवीकडे कललेला, की तिची पावलं आपोआप भराभर पडायची. पुढे जाऊन वळून पाहायची. तो कधी श्रीलंकेचा निघायचा, कधी मॉरिशसचा. एकदा एकाने घाबरून बॅग छातीशी धरली.

आता मात्र पासपोर्टवाचून गत्यंतर नव्हतं. तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. त्याआधी वैदेहीला आणायला हवं. मुलगी फोनवर येईनाशी झाली होती. आई म्हणे, "झोपलीय," आणि मागून कार्टूनचा आवाज यायचा. आणि हैमाचा पासपोर्ट तर मुदत संपून बसलेला.

सरकारी काम, सहा महिने थांब, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण अर्ज वकिलातीत पोहोचल्याचा मेसेज आला, मंजूर झाल्याचा आला, पाठवल्याचा आला. एका गुरुवारी दुपारी मोबाइलवर उमटलं, सही घेऊन सुपूर्द केलं.

सही कुणाची?

त्या घरात तिच्या नावाने सही करणारं कोण होतं? तिने नाव मनात येऊ दिलं नाही, पण कामाची पाळी संपायच्या आतच ती निघाली. सनशाइनहून टार्नीटची गाडी, मग बस. खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावरची आशा बघून तिला लाज वाटली.

घर तेच होतं. पडदे जांभळे झाले होते. दारात चपलांची रांग. बेल वाजवली तर एका म्हाताऱ्या पंजाबी बाईने दार उघडलं, डोक्यावर ओढणी, हातात सोललेला वाटाणा. मागून तिशीची एक मुलगी आली, हात पुसत पुसत.

"मी हैमवती. माझं एक पाकीट..."

"अरे, तू आहेस होय ती!" म्हातारी म्हणाली. तिचं हिंदी हैमाच्या हिंदीइतकंच मोडकं होतं, त्यामुळे दोघींचं छान जमलं. "हरलीन, देवाजवळ ठेवलंय बघ. पोस्टवाला म्हणाला सही कर, मी केली गुरुमुखीत. त्याला काय कळतंय. ये, आत ये, पुत्तर."

म्हणजे सही या म्हातारीची; घरात तिला सगळे बीजी म्हणत. हैमा खुर्चीवर बसली, जिथे पूर्वी त्यांचं कपाट होतं त्या जागी.

हरलीनने पाकीट आणलं. आत नवा पासपोर्ट, कडक, आणि कोपरा कापलेला जुना. हैमाने शेवटचं पान उघडलं. पती, फणींद्र. पत्ता, हाच, जिथे ती पाहुणी म्हणून बसली होती. आता दहा वर्षं हाच राहणार.

"एक विचारू?" हरलीन म्हणाली. "राग मानू नकोस. तू इथे राहत नाहीस, तर पत्ता इथला का? तुझी पत्रं येतात, आम्ही 'इथे राहत नाही' लिहून परत टाकतो. हे सरकारी दिसलं म्हणून बीजींनी ठेवलं."

"चूक झाली," हैमा म्हणाली.

"त्या माणसालाही तेच सांगावं लागलं ना," बीजी वाटाणे सोलत म्हणाल्या.

"कुठल्या माणसाला?"

हरलीनने सासूकडे पाहिलं. "बैसाखीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कुणी एकजण आला होता. मी घरी नव्हते."

"मी होते की," बीजी म्हणाल्या. "मागे कपडे वाळत घालत होते. बाजूच्या फाटकाची कडी आतून आहे, वरून हात घालून उघडावी लागते. माझा मुलगा जसप्रीत इथे येऊन सहा महिने झाले तरी चाचपडतो. यानं न बघता हात घातला आणि उघडली. मी म्हटलं, कोण रे? तो जागीच थिजला. बारीक झालेला, दाढी वाढलेली. म्हणाला, इथली बाई? हैमा? मी म्हटलं, गेली. मुलगी? मी म्हटलं, सगळे गेले. कुठे? मी म्हटलं, बेटा, सांगून कुठे गेलेत. पाणी दिलं. प्याला. फाटक नीट लावून गेला."

हैमाने मनात हिशेब केला. बैसाखी म्हणजे एप्रिल. एप्रिलच्या त्या दिवशी ती सनशाइनच्या खोलीत होती, बसून कुठल्यातरी स्वेटरवरचे लोकरीचे बारीक गोळे काढत असेल. इथून अर्ध्या तासावर. म्हणजे तो जिवंत होता. त्याला आपण सापडावं म्हणून सगळ्या सरकारांच्या दप्तरात तिने हे घर राखून ठेवलं, आणि तो आला तेव्हा या दारात तिचा खरा पत्ता ठाऊक असलेलं एकही माणूस नव्हतं. या लोकांना एक चिठ्ठी देऊन ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारून घेतला, खरोखरीच, आवाज होईल असा.

"तुझा कोण?" बीजींनी हळूच विचारलं.

"नवरा."

वाटाणे सोलायचे थांबले.

"मग फोन नाही केला त्याने?" हरलीन म्हणाली. साधाच प्रश्न होता तिचा. "नंबर बदललायस का?"

हैमाने तिच्याकडे पाहिलं.

नंबर बदलला नव्हता. दहा वर्षं तोच नंबर. त्याला तो पाठ होता, गाडी चालवताना तो गाण्यासारखा म्हणायचा. राजमहेंद्रीच्या घरचाही पाठ होता. मुलगी कुठे आहे, एका फोनवर कळलं असतं. बूट काढून मोज्यांच्या घड्या घालणारा माणूस चौदा महिने कुठेतरी जेवत होता, झोपत होता, दाढी वाढवत होता, आणि इकडे सहा वर्षांची पोर बाबा समुद्रात आहे म्हणून आंघोळीला घाबरत होती. तो त्यांना शोधायला आला नव्हता. त्या गेल्या का, एवढंच बघायला आला होता. गेल्या म्हटल्यावर पाणी प्याला आणि फाटक लावून गेला.

चौदा महिन्यांत ती एकदाही त्याच्यावर रागावली नव्हती. मेलेल्यावर कसं रागवायचं? आता राग आला तो इतका की तिला दात आवळून धरावे लागले.

"पत्ता लिहून दे तुझा," हरलीनने पेन पुढे केलं. "परत आला तर मी स्वतः सांगेन. पोलिसांनाही कळव हं."

"पोलिसांना सांगते. आजच," हैमा म्हणाली. पेन तिने हातात घेतलं. पाकिटाची मागची बाजू कोरी होती. तिने पेनाचं टोक कागदावर टेकवलं, तिथे एक ठिपका उमटला, आणि मग तिने पेन परत केलं.

"नको?"

"नको."

"मग आला तर काय सांगू?"

"सांगा, आली होती. पासपोर्ट घेऊन मुलीला आणायला गेली."

बीजींनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग वाटाणे एका पिशवीत घालून दिलेच.

बस यायला अकरा मिनिटं होती. स्टॉपवर बसून हैमाने मोबाइलवर लायसन्सचा पत्ता बदलला. खरोखर दोनच मिनिटं लागली. चिकटपट्टी दहा दिवसांत येईल, असं उत्तर आलं.

समोरच्या फुटपाथवरून एक माणूस पाठमोरा चालला होता, किंचित उजवीकडे कललेला. ती उठली. आजवर अशा पाठींमागे ती धावली होती. आज ती स्टॉपच्या पत्र्याआड सरकली, पासपोर्ट पिशवीत वाटाण्यांच्या खाली दाबला आणि तो वळू नये म्हणून श्वास धरून उभी राहिली.