हाताशी आलेला शॉवर

साबण डोळ्यांत गेला आणि एस्तेरबाई न्हाणीतल्या स्टुलावरच अडकल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एकटीनं उठायचं नाही, आणि हँडशॉवर डोक्यावरच्या हुकात टांगलेला. हाक मारली, तर उद्यापासून सूनच अंघोळ घालणार. म्हणून सगळं ठीक असल्यासारखं दाखवत त्या कीर्तनातलं एकच पालुपद आळवत बसल्या. चौथ्यांदा आळवल्यावर सून लिडिया दाराशी आली.

"आई, काय झालं?"

बसल्या जागेवरून हात लांबवून त्यांनी कडी काढली, आणि लिडियानं शॉवर काढून हातात दिला.

दुपारी प्लंबर याकोब आला.

"हुक खाली ठोक," एस्तेरबाई म्हणाल्या.

"मग उभ्यानं अंघोळ करणाऱ्यांनी वाकायचं व्हय? भिंतीला उभी दांडी लावतो, शॉवरचा होल्डर तिच्यावर वरखाली सरकंल. पाईप दीड मीटरचा. दोन मीटरचा एवढ्याशा जागेत पायात येईल. फक्त दांडीला धरून उठू नका, ती वजन पेलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी होल्डर बसलेल्या एस्तेरबाईंच्या खांद्याशी होता. अंघोळ उरकून त्यांनी स्वतःच शॉवर परत अडकवला.

"आई, आज गाणं न्हाई?"

"आज गरज न्हाई, बाई."