सगळे धडे हिरवे

घाडी सरांना रंगीत तक्त्यांचं भारी वेड. वर्गाची हजेरी रंगीत, असाइनमेंटची यादी रंगीत, आणि या वर्षी त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या कॉमर्सवाल्यांसाठी नवीन टूम काढली होती. एक ऑनलाइन शीट, जी मुलांनीच आपापली भरायची. उभ्या ओळीत मुलांची नावं, आणि प्रत्येक धड्याखाली तीन खाने: स्टेटस, रिव्हिजन किती झाल्या, आणि कॉन्फिडन्स एक ते पाच. तीनच्या खाली लिहिलं की तो खाना लाल, तीन किंवा वर लिहिलं की हिरवा. ज्या धड्याची वर्गाची सरासरी लाल, त्यावर परीक्षेआधी जादा लेक्चर. इथपर्यंत सगळं छान होतं. पण सरांनी पुढे एक शेपूट जोडलं: एखाद्याचे दोन धडे लाल दिसले की त्याच्या पालकांना कॉलेजात बोलावणार.

झालं. त्या शेपटाने शीटची वाट लावली.

घाटकोपरच्या त्या कॉलेजात पालक म्हणजे कुणाची आई दुकानात उभी, कुणाचे वडील शिफ्टमध्ये. कॉलेजातून फोन आला की अर्धा दिवस बुडतो आणि घरी त्याची वसुली होते. त्यामुळे पोरांनी पहिल्याच आठवड्यात शीट हिरवीगार करून टाकली. पुस्तक उघडलं नव्हतं तरी रिव्हिजन तीन आणि कॉन्फिडन्स पाच.

खरं लिहिणारी एकटी तेजल. कॉस्टिंगमध्ये ती आधीच्या सत्रात एकदा आपटली होती. त्या राहिलेल्या पेपराची केटी आणि या सत्राचा पेपर, दोन्ही आता एकदमच होते. नुसतं वाचून झालं की पाच लिहायचं, हा मूर्खपणा तिने तेव्हा केला होता आणि त्याची फळं भोगली होती. आता तिचा नियम वेगळा होता. जुन्या पेपरातलं गणित पुस्तक न बघता सोडवायचं, आणि मग आकडा टाकायचा. प्रोसेस कॉस्टिंग या धड्याच्या तीन रिव्हिजन झाल्या, तरी तिचा आकडा तीनवरून एकवर घसरला होता. कळतंय असं वाटलेलं किती कळलं नव्हतं, ते सोडवताना कळलं.

त्या आणि अशाच दुसऱ्या एका लाल खान्यापायी तिचे वडील भीमराज, अंधेरीच्या एका ऑफिसात हाउसकीपिंगचे सुपरवायझर, सुट्टी टाकून कॉलेजात आले होते. सरांनी त्यांना टेबलासमोरच्या खुर्चीत बसवून शीट दाखवली. "बघा, सगळा वर्ग पुढे गेलाय."

घरी येताना भीमराज एवढंच म्हणाले, "तू खरं लिहिलंस ना? मग मी पुन्हा येईन. पण पास हो, बाळा."

त्या शब्दांनी तिला रडूच आलं असतं. पण रडण्यापेक्षा राग बरा, असं तिला लहानपणापासून वाटायचं.

आणि आज शेवटच्या लेक्चरला सरांनी प्रोजेक्टरवर शीट लावली आणि हसतमुखाने जाहीर केलं, "एकही धडा लाल नाही. जादा लेक्चरची गरज नाही. उद्यापासून स्टडी लीव्ह."

वर्गाने बाकं बडवली. तेजलच्या डोक्यात तिडीक गेली. क्लास लावायची तिच्या घरची ऐपत नव्हती. ते एक जादा लेक्चर, तेवढंच काय ते तिच्या हातात होतं.

ती उभी राहिली. "सर, प्रोसेस कॉस्टिंग घ्या ना. ॲबनॉर्मल लॉस कुणालाच येत नाहीये."

"कुणालाच?" सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "सरासरी साडेचारच्या वर आहे. तुझ्या एकटीसाठी लेक्चर लावू?"

"मग ज्यांचे पाच आहेत त्यांना सोडवायला लावा."

तिच्या शेजारी बसलेला सिद्धेश पुटपुटला, "ए तेजल, बस ना यार. कशाला?" तो तिचा पहिल्या वर्षापासूनचा दोस्त. त्याचे बाबा धोंडू कुडाळकडचे, जिभेने तिखट आणि हाताने त्याहून तिखट. कॉलेजातून फोन आला तर ते काय करतील, हे तिलाही माहीत होतं. पण म्हणून तिच्या पेपराचा बळी?

सरांनी नेमकं त्यालाच उठवलं. "सिद्धेश, तुझे पाच आहेत ना? ये."

त्यांनी फळ्यावर गणित टाकलं. एक हजार नग आत, एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजार, नॉर्मल लॉस, म्हणजे आधीच धरलेली नासाडी, पाच टक्के, त्याच्या भंगाराला नगामागे दहा रुपये, हातात आले नऊशे वीस. सिद्धेशने खडू घेतला, मान खाजवली, आणि अठ्ठेचाळीस हजाराला सरळ नऊशे वीसने भागायला घेतलं.

"भंगाराचे पैसे वजा कर," तेजल जागेवरून कडाडली. "आणि नऊशे पन्नासने भाग. नऊशे वीसने भागलंस तर ॲबनॉर्मल लॉसचे, म्हणजे जादा वाया गेलेले, तीस नग फुकटात गेले की. पन्नास रुपये दर येतो. इथपर्यंत मला येतं. पुढचं अकाउंट लिहिताना माझं गाडं अडतं, म्हणून मी एक लिहिलाय. तू पाच कशाच्या जोरावर लिहिलास?"

सिद्धेशचा चेहरा पडला. "असंच," तो म्हणाला. मग सरांकडे वळला. "सर, मला येत नाही. बाबांना बोलवाल म्हणून लिहिला."

मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइल काढला. पडद्यावर श्रुतिकाचा पाच जाऊन तिथे एक आला आणि खाना लाल झाला. मग प्रांजलचा. मग खालचे चार एकदम. प्रोसेस कॉस्टिंगचा सगळा रकाना लाल होत गेला. सरासरी दोनच्या खाली आली.

सरांनी लॅपटॉप पुढे ओढला, शीटची जुनी आवृत्ती उघडली आणि सकाळची प्रत परत आणली. दोन क्लिकमध्ये सगळं पुन्हा हिरवं. पुढच्या क्लिकमध्ये त्यांनी मुलांचा बदल करायचा हक्कच काढून घेतला.

"सकाळीच हा रिपोर्ट प्राचार्यांकडे गेलाय," ते म्हणाले. "आता तमाशा नको."

हिरव्या रकान्यात एकच लाल खाना उरला होता. तेजलचा.

तिने पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे तुम्हाला आता माहितीय की हे खोटं आहे. तरी ठेवणार?"

सरांचा आवाज चढला. "लेक्चर हवंय ना? उद्या आठला येतो. पण ज्याला बसायचंय, त्याने आत्ता इथे फळ्यावर पालकांचा नंबर लिहायचा. मी प्रत्येकाला फोन करून सांगणार, तुमच्या मुलाने खोटं लिहिलं. बघू कोण येतंय."

कुणी हललं नाही. तेजलने मागे वळून वर्गावर नजर फिरवली आणि तिला त्या सगळ्या खाली घातलेल्या मानांची मनापासून चीड आली.

सिद्धेश अजून फळ्याजवळच उभा होता. त्याने चुकलेल्या गणिताखाली बाबांचा नंबर लिहिला. शेवटचे दोन आकडे वेडेवाकडे आले. मग खडू पुढे धरून तो थांबला. श्रुतिका उठली, तिच्यामागे प्रांजल, आणि हळूहळू बाकांमध्ये रांग लागली.

सिद्धेश जागेवर येऊन बसला. हाताचा खडू पँटला पुसत म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"नाही," तेजल म्हणाली. "हे पहिल्या दिवशी केलं असतंस तर माझे पप्पा त्या खुर्चीत एकटे बसले नसते."